दोन प्लांट, ४०,००० नग: कुठे किती काढायचे?

साचेकार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी प्लास्टिकचे मोठे कॅन बनवणाऱ्या कंपनीत उत्पादनाचं नियोजन बघतो. आमचे दोन प्लांट आहेत. कॅन तोच, साच्याचं डिझाइन तेच, गिऱ्हाईकही तेच, त्यामुळे माल कुठून निघाला याचं कुणाला काही पडलेलं नाही. प्रश्न इतकाच आहे की कुठे किती काढायचा.

नव्या प्लांटची क्षमता महिन्याला ३०,००० नग आहे. फिक्स्ड खर्च महिन्याला २४ लाख आणि व्हेरिएबल खर्च नगामागे १४० रुपये. जुन्याची क्षमता २५,००० नग, फिक्स्ड ९ लाख आणि व्हेरिएबल १८०. नग २६० रुपयांना विकला जातो. सध्याची मागणी महिन्याला ४०,००० आहे.

आमच्या अकाउंट्स विभागाचा हिशेब असा आहे: पूर्ण क्षमतेने चालवला तर नव्यात फिक्स्ड खर्च नगामागे ८० रुपये बसतो, म्हणजे नग २२० ला पडतो. जुन्यात ३६ बसतो, म्हणजे नग २१६ ला पडतो. जुना स्वस्त, म्हणून तो आधी भरा, २५,००० तिथे काढा आणि उरलेले १५,००० नव्यात. दोन्ही प्लांटचे मॅनेजर म्हणतात, भांडण नको, निम्मेनिम्मे करा. मला दोन्ही पटत नाही, पण मीटिंगमध्ये धड मांडताही येत नाही. तुम्ही कसं वाटाल?

रेघोटी

नव्यात ३०, जुन्यात १०. चला, पुढचा धागा.

वैशाखी

रेघोटी, असं फतवा काढल्यासारखं नको हो. २१६ हे २२० पेक्षा कमीच आहे ना? मग अकाउंट्सचं चुकलं कुठे ते तरी सांगा. मलाही ते वाचताना बरोबरच वाटलं.

खतावणी

वैशाखीताई, २१६ आणि २२० हे आकडे खरे आहेत, पण ते या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. नव्याचे २४ लाख आणि जुन्याचे ९ लाख या महिन्यात जाणारच आहेत. साचेकारांनी कुठेही कितीही माल काढला तरी हे ३३ लाख हलत नाहीत. हलतो तो फक्त व्हेरिएबल खर्च. एक नग जुन्याकडून काढून नव्याकडे दिला की जुन्यात १८० वाचतात आणि नव्यात १४० जातात. प्रत्येक नगामागे ४० रुपये खिशात राहतात, आणि नव्याची क्षमता संपेपर्यंत हे असंच चालतं.

तिन्ही प्रस्ताव आकड्यांत बघू. विक्री सगळीकडे सारखीच, १०४ लाख.

अकाउंट्सचा प्रस्ताव: जुन्यात २५,००० नगांचे ४५ लाख, नव्यात १५,००० नगांचे २१ लाख, त्यात फिक्स्ड ३३. एकूण ९९ लाख, नफा ५ लाख.

निम्मेनिम्मे: ३६ अधिक २८ अधिक ३३. एकूण ९७ लाख, नफा ७ लाख.

नवा आधी भरला तर: ३०,००० नगांचे ४२ लाख, जुन्यात १०,००० नगांचे १८ लाख, अधिक ३३. एकूण ९३ लाख, नफा ११ लाख.

नवा जास्त पैसे खातो म्हणून त्याला कमी काम द्यायचं, असं अकाउंट्सचं म्हणणं झालं. पण ते पैसे तो काम केलं तरी खातो आणि नाही केलं तरी खातो. मीटिंगमध्ये २१६-२२० वर वाद घालत बसू नका. ५, ७ आणि ११ हे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि यातला कुठला आकडा चुकलाय ते दाखवा, असं विचारा.

वैशाखी

आत्ता डोक्यात शिरलं. म्हणजे नगामागे भागलेला फिक्स्ड खर्च हा खर्च नव्हेच, ती नुसती वाटणी आहे.

पक्का_व्यापारी

मी वीस वर्षं धंदा करतोय. नियम सरळ आहे: फिक्स्ड खर्च बघायचाच नाही. तो गेला म्हणजे गेला. फक्त व्हेरिएबल बघा आणि कमी असेल तिथे ओता. एवढ्यासाठी धागा कशाला?

खतावणी

व्यापारीसाहेब, दोन्ही प्लांट या महिन्यात चालू राहणार हे ठरलेलं असेल तोवर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण एखादा प्लांट चालू ठेवावा की बंद करावा हा प्रश्न आला की फिक्स्डपैकी काही खर्च जिवंत होतो. कुलूप लावलं की थांबणारा फिक्स्ड खर्च आणि कुलूप लावूनही चालूच राहणारा फिक्स्ड खर्च यांना एकाच खात्यात टाकलं की घोळ होतो.

मीरा_उद्योग

माझाही अगदी हाच प्रश्न आहे! मला पॅकिंगचं दुसरं मशीन घ्यायचंय. एक महाग आहे पण वीज आणि माणसं कमी लागतात, दुसरं स्वस्त पण चालवायला महाग. खतावणी, तुमच्या नियमाने महागडंच घ्यायला हवं ना, व्हेरिएबल कमी म्हणून?

खतावणी

नाही नाही मीराताई, थांबा. साचेकारांचे दोन्ही प्लांट उभे आहेत, पैसे आधीच गुंतलेत. तुमचे पैसे अजून तुमच्याकडेच आहेत. तुमच्यासाठी मशीनची सगळी किंमत हलणारी आहे, त्यामुळे ती पूर्ण धरायला हवी. महागड्या मशीनचा महिन्याचा जादा बोजा काढा आणि त्याला नगामागच्या बचतीने भागा. जो आकडा येईल त्यापेक्षा तुमचा खप कायम जास्त राहणार असेल तरच महागडं घ्या. आणि यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोन्ही प्रश्न मिसळले तर साचेकारांचे हाल होतील.

मीरा_उद्योग

काढते. आभार.

साचेकार

सगळ्यांचे आभार. ५, ७, ११ मीटिंगमध्ये ठेवले आणि ते चाललंही. पण त्यातून एक नवं प्रकरण उभं राहिलंय.

वरच्या साहेबांनी ताबडतोब जुन्याचा वेगळा हिशेब मागवला. जुन्यात १०,००० नगच काढले तर फिक्स्ड नगामागे ९० बसतो, म्हणजे नग २७० ला पडतो. आपण विकतो २६० ला. म्हणजे जुना प्लांट नगामागे १० रुपये आणि महिन्याला १ लाख तोट्यात. आता त्यांचं म्हणणं आहे की तोट्यातला प्लांट कशाला ठेवायचा, बंद करा आणि नव्यावरच ३०,००० विका. मीच सुचवलेल्या वाटणीमुळे जुन्याच्या गळ्याला फास लागलाय असं त्या मॅनेजरना वाटतंय.

रेघोटी

घ्या. प्लांटचं काम काढून घेतलं आणि मग विचारलं की तू काम का करत नाहीस.

खतावणी

हे फार ठिकाणी होतं आणि यात चांगले चालणारे प्लांट बंद पडलेत. स्वस्त प्लांट आधी भरला की महाग प्लांटवर उरलंसुरलं काम येतं, फिक्स्ड खर्च थोड्या नगांवर बसतो आणि तो तोट्यात दिसायला लागतो. म्हणून तो बंद करतात. बंद केल्यावर त्याचा न थांबणारा खर्च उरलेल्या प्लांटवर येऊन पडतो, आणि मग तोही महाग दिसतो.

साचेकार, जुन्याच्या ९ लाखांची फोड टाका. कुलूप लावलं तर नक्की काय थांबेल?

साचेकार

अकाउंट्सकडून काढून आणलं. पर्यवेक्षक आणि तंत्रज्ञांचे पगार ३ लाख. सुरक्षा, कामगारांची बस आणि देखभालीचा करार मिळून २ लाख. जागेचं भाडं २ लाख, पण भाडेकरार अजून बराच शिल्लक आहे. घसारा ५० हजार. विमा आणि वीजजोडणीचा स्थिर आकार मिळून ५० हजार. आणि मुख्य कार्यालयाच्या खर्चाचा वाटा १ लाख.

खतावणी

मुख्य कार्यालयाचा वाटा! त्या १ लाखाचं काय होणार? जुना बंद केला म्हणून मुख्य कार्यालयातलं एकही टेबल कमी होणार नाही. तो वाटा फक्त नव्याच्या नावावर चढेल. भाडं करार संपेपर्यंत चालूच, विमा आणि वीजजोडणीचा आकारही चालूच. घसारा हा तर आधीच गेलेल्या पैशांचा हिशेब. तेव्हा थांबणारे ५ लाख आणि न थांबणारे ४ लाख.

आता जुना चालवल्याने काय मिळतं बघा. २६० वजा १८० म्हणजे नगामागे ८० रुपये. १०,००० नगांचे ८ लाख. त्यातून थांबू शकणारे ५ लाख गेले तरी ३ लाख उरतात. बंद केला तर हे ३ लाख हातचे जातील. नव्यावरच ३०,००० विकले तर: विक्री ७८ लाख, वजा ४२, वजा नव्याचे २४, वजा जुन्याचे न थांबणारे ४. नफा ८ लाख. आज ११ आहे. तोट्यातला प्लांट बंद करून नफा ३ लाखांनी घटतो, एवढं एक वाक्य साहेबांना सांगा.

पक्का_व्यापारी

हे पटलं. पण माझा एक मुद्दा राहतोच. ३ लाखांसाठी दुसरा प्लांट सांभाळायचा? दोन ठिकाणचे कामगार, दोन ठिकाणच्या तपासण्या, दोन ठिकाणी रात्रीअपरात्री वाजणारा फोन. मालकाचं डोकं एकच असतं. ते कुठल्या खात्यात लिहिता?

खतावणी

खात्यात लिहिता येत नाही, पण ते खरं आहे. त्याची किंमत महिन्याला ३ लाखांपेक्षा जास्त वाटत असेल तर मालकाने जरूर बंद करावा. फक्त तो डोक्याला शांतता मिळावी म्हणून बंद करतोय, प्लांट तोट्यात आहे म्हणून नव्हे, हे त्याला माहीत असावं.

गणिती_घुबड

यातून एक मजेशीर आकडा निघतो. जुना उघडण्यासाठी ५ लाख, नगामागे सुटतात ८०. म्हणजे जुन्यात किमान ६,२५० नग निघणार असतील तरच तो उघडण्यात अर्थ आहे. त्यामुळे मागणी ३०,००० वरून ३१,००० झाली तरी जुना उघडायचा नाही! त्या हजार नगांसाठी ५ लाख अधिक १,८०,००० मोजावे लागतील, म्हणजे एक नग ६८० ला पडेल. मागणी ३६,२५० च्या वर गेली की मगच उघडायचा. तोवर वरच्या ऑर्डरी नाकारणं परवडतं.

वैशाखी

ऑर्डर नाकारणं परवडतं हे ऐकायला कसंसंच वाटतं. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेलं की परत येतं का?

गणिती_घुबड

त्यावर युक्ती आहे. समजा मागणी ३३,००० आहे. दर महिन्याला ३,००० कमी पडतात. जुना तीन महिन्यांतून एकच महिना चालवा, त्यात ९,००० काढून ठेवा आणि तीन महिने विका. ९,००० गुणिले ८० म्हणजे ७.२ लाख, त्यातून ५ लाख गेले तरी २.२ लाख सुटले. गिऱ्हाईकही तुटलं नाही.

पाळीप्रमुख

घुबडसाहेब, कागदावर छान आहे. पण त्या ५ लाखांत ३ लाख पर्यवेक्षक आणि तंत्रज्ञांचे आहेत. त्यांना तीन महिन्यांतून एकदा बोलावणार का तुम्ही? ब्लो मोल्डिंगचा चांगला तंत्रज्ञ दोन महिने घरी बसत नाही, तो शेजारच्या कंपनीत लागतो. एक-दोन महिन्यांसाठी बंद ठेवलं तर थांबतात ते फक्त २ लाख. पगाराचे ३ लाख दर महिन्याला जाणारच.

गणिती_घुबड

मग तीन महिन्यांत पगाराचे ९ आणि चालू महिन्याचे २, असे ११ लाख गेले आणि आले ७.२. युक्ती रद्द. म्हणजे कुठला खर्च थांबतो हे किती काळासाठी बंद ठेवता यावर ठरतं. कायमचं बंद केलं तर ५, महिनाभरासाठी केलं तर २.

खतावणी

आणि आणखी लांब बघितलं, भाडेकरार संपेपर्यंत, तर भाड्याचे २ लाखही थांबणाऱ्यांत येतात. तेव्हा उंबरठा ६,२५० वरून ७ लाख भागिले ८०, म्हणजे ८,७५० नगांवर जातो. करार नव्याने करायची वेळ येईल तेव्हा हा हिशेब पुन्हा मांडायला हवा. आज जुना ठेवा म्हणालो ते उद्यालाही लागू होईलच असं नाही.

पाळीप्रमुख

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मला एक गोष्ट पहिल्यापासून खटकतेय. नवा ३०,००० पर्यंत भरा असं सगळे म्हणताय. साचेकार, तुमचा हा १४० रुपयांचा आकडा कुठल्या महिन्यांचा आहे? तेव्हा नवा किती चालत होता? आणि ३०,००० ही क्षमता किती पाळ्यांची?

मी शॉपफ्लोअरवर आयुष्य काढलंय. कागदावरची क्षमता आणि नेहमीच्या पाळ्यांत निघणारा माल यांत ओव्हरटाइम लपलेला असतो.

साचेकार

नेमकं विचारलंत. १४० चा आकडा ज्या महिन्यांचा आहे त्यांत नवा २२ ते २४ हजारच चालला होता. नव्याचं एकच मोठं मशीन आहे, सायकल ६० सेकंदांची, म्हणजे मिनिटाला एक नग. दोन पाळ्यांचे १६ तास आणि २५ दिवस म्हणजे बरोबर २४,००० नग. वरचे ६,००० काढायला सुट्टीचे दिवस आणि रात्रीचे जादा तास मिळून १०० तास लागतात. ३०,००० ही क्षमता ते धरून आहे. जादा तासांना मजुरी दुप्पट. १४० मध्ये मजुरी ३८ आहे. जुन्याचे २५,००० मात्र नेहमीच्याच पाळ्यांत निघतात.

खतावणी

पाळीप्रमुख, शाब्बास. हे मी आधीच विचारायला हवं होतं असं वाचणारे म्हणतील, आणि त्यांचं खरं आहे. आता नव्याचे खरं तर दोन तुकडे झाले. पहिले २४,००० नग १४० ने आणि पुढचे ६,००० नग १४० अधिक ३८, म्हणजे १७८ ने. जुना १८० वर आहे. आता तिघांना रांगेत लावायचं: आधी १४० वाला, मग १७८ वाला, मग १८० वाला. क्रम तोच राहिला, पण शेवटच्या दोघांत फक्त २ रुपयांचा फरक आहे.

३०-१० केलं तर नव्याचे ३३.६ अधिक १०.६८, जुन्याचे १८, फिक्स्ड ३३. एकूण ९५.२८ लाख, नफा ८.७२ लाख.

२४-१६ केलं तर ३३.६ अधिक २८.८ अधिक ३३. एकूण ९५.४ लाख, नफा ८.६ लाख.

महिन्याला फरक फक्त १२,००० रुपये. वर ११ लाख म्हणून जो नफा दाखवला त्यात हा ओव्हरटाइम नव्हता. पण अकाउंट्सच्या १५-२५ ला त्याने काही फरक पडत नाही, तिथला नफा ५ लाखच राहतो. म्हणजे त्यांच्या वाटणीपेक्षा हे दोन्ही पर्याय अजूनही साडेतीन लाखांनी पुढे आहेत. आणि जुना बंद केला तर नफा ५.७२ वर येतो, त्यामुळे तो निर्णयही बदलत नाही.

रेघोटी

म्हणजे माझं ३०-१० अजून १२,००० रुपयांनी जिंकतंय. नोंद घ्यावी.

साचेकार

घेतली. मी हे सगळं एक्सेलच्या Solver मध्ये बसवायचा प्रयत्न केला, पण जुन्याचे ५ लाख कसे घालायचे ते कळेना. जुन्यात शून्य नग असतील तर ५ लाख शून्य व्हावेत म्हणून IF लावला, तर तो रेषीय अटी पूर्ण होत नाहीत असा संदेश देतो.

गणिती_घुबड

IF काढून टाका. Simplex LP ला IF चालत नाही, आणि दुसरी GRG पद्धत घेतली तर ती बऱ्याचदा भलत्याच उत्तरावर अडकून बसते. त्याऐवजी जुना चालू की बंद यासाठी ० किंवा १ असा एक वेगळा सेल घ्या आणि त्याला Constraints मध्ये bin करा. मग असं:

```
Min: 140*N1 + 178*N2 + 180*J + 500000*Y
N1 <= 24000
N2 <= 6000
J  <= 25000*Y
N1 + N2 + J = 40000
```

N1 म्हणजे नव्याच्या नेहमीच्या पाळ्या, N2 ओव्हरटाइम, J जुना, आणि Y म्हणजे तो ० किंवा १ चा सेल. तिसरी ओळ महत्त्वाची. Y शून्य असेल तर J ला शून्यच राहावं लागतं, आणि जुन्यात एक जरी नग काढायचा तर Y ला १ व्हावं लागतं, म्हणजे ५ लाख भरावेच लागतात. मागणी नाकारायची मुभा ठेवायची असेल तर शेवटच्या ओळीत = ऐवजी <= लिहा आणि खर्चाऐवजी नफा वाढवायला सांगा. नाहीतर तो काहीच न बनवता शून्य खर्च दाखवून मोकळा होईल.

पक्का_व्यापारी

चार सेलसाठी एवढी यंत्रणा? हे तर पाठकोऱ्या कागदावर होतं.

गणिती_घुबड

दोन प्लांटना होतं. तिसरा आला, किंवा कॅनचे चार आकार झाले, की कागद पुरत नाही.

पाळीप्रमुख

२ रुपयांवर येऊन थांबलाय तर मला मशीनजवळ जाऊन बोलू द्या.

सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असतं तेव्हा चांगली टीम साचा उतरवते आणि त्यातल्या पाण्याच्या वाटा साफ करते. पाण्याचा क्षार त्या वाटांत आतून बसतो. थर बसला की साचा हळू थंड होतो, आणि कॅन पुरता थंड व्हायच्या आत बाहेर काढला तर तळ फुगतो किंवा मान वाकडी होते. मग ऑपरेटर कुणालाही न विचारता थंड होण्याचा वेळ दोन-चार सेकंदांनी वाढवतो. सायकल ६० ची ६४ होते आणि कुठल्याही अहवालात दिसत नाही, कारण मशीन चालूच असतं. सुट्टीचे दिवस ओव्हरटाइमला वापरलेत तर ही सफाई कधी होणार?

साचेकार, अहवाल बघू नका. मशीनच्या पॅनलवरची सायकलची नोंद मागवा, महिन्याच्या पहिल्या आठवड्याची आणि शेवटच्या आठवड्याची.

साचेकार

मागवली. ज्या महिन्यांत ओव्हरटाइम नव्हता तिथे सुरुवातीला ६० आणि शेवटी ६० ते ६१. ज्या महिन्यांत पूर्ण ओव्हरटाइम झाला तिथे शेवटच्या आठवड्यात ६४. अंगावर काटा आला. तुम्ही सांगितलेला आकडाच आला.

खतावणी

मग हिशेब बदलतो. मजुरी तासावर दिली जाते. ओव्हरटाइमची मजुरी नगामागे ७६ होती. ६० ऐवजी ६४ सेकंद लागले तर ती ८१ च्या थोडी वर जाते, म्हणजे १७८ चे १८३ झाले. वर १०० तासांत ६,००० ऐवजी ५,६२५ नगच निघतात. ओव्हरटाइमचा नग आता जुन्यापेक्षा महाग पडतोय. रांग बदलली: १४० वाला, मग १८० वाला जुना, आणि सगळ्यांत शेवटी १८३ वाला ओव्हरटाइम. २४-१६.

रेघोटी

हरकत आहे. ६४ फक्त शेवटच्या आठवड्यात आहे, सगळे १०० तास नाही. सरासरी ६२ धरली तर मजुरी साडेअठ्ठ्याहत्तर, म्हणजे १८०.५०. पुन्हा बरोबरी. आणि साफसफाई सुट्टीलाच हवी असं कुणी सांगितलं? आठवड्याच्या मधोमध तीन तास काढून करा.

पाळीप्रमुख

पण ६४ त्याच आठवड्यात नेहमीच्या पाळ्यांनाही लागू होते ना! ओव्हरटाइममुळे २४,००० पैकी शेवटचे नगही महाग झाले, तो खर्च तुम्ही ओव्हरटाइमच्या नावावर टाकलाच नाही. मधोमध सफाई चालेल, पण साचा उतरवून परत चढवायचा, मशीन तापवायचं आणि सुरुवातीचा माल भंगारात टाकायचा म्हटलं की तीन तासांऐवजी अख्खी पाळी जाते.

वैशाखी

एक विचारू? जुन्याच्या मॅनेजरचा बोनस अजून नगामागच्या एकूण खर्चावरच आहे का? असेल तर त्यांना २१६ पाहिजे आणि तुम्ही त्यांना १६,००० वर ठेवून २३६ देताय. ते दर मीटिंगला पुन्हा निम्मेनिम्मेच मागणार.

साचेकार

हो, त्यावरच आहे. तीच पुढची लढाई आहे. त्यांना १८० चा व्हेरिएबल खर्च आणि रिजेक्शन यांवर जोखावं असं लिहून देतोय, कारण नग किती मिळणार हे त्यांच्या हातात नाही. सध्या एका महिन्यासाठी २४-१६ ठरलंय. नव्याचा साचा दर सुट्टीला उतरणार आहे. रेघोटी, पुढच्या महिन्यात तुमचं ३०-१० मधोमधच्या सफाईसह चालवायला साहेब तयार आहेत. दोन्ही महिन्यांची सायकलची नोंद आणि भंगाराचं वजन इथे टाकतो.

पाळीप्रमुख

पॅनलवरच्या नोंदीचा फोटो टाका, टाइप केलेला आकडा नको. आणि दोन्ही महिने ऑपरेटर तेच ठेवा.